मोतीबिंदूसमोरची बरोबरची खूण

मित्रहो, तुलनेचा तक्ता तपासायचा म्हटले की आपण बहुतेक जण तो वरून खाली वाचत जातो आणि कुठे चुकीचे काही दिसते का ते पाहतो. या पद्धतीने फारसे काही हाती लागत नाही, कारण फसव्या तक्त्यातले प्रत्येक विधान सुटे घेतले तर बहुधा खरेच असते. म्हणून मी आज संपूर्ण तक्ता घेणार नाही. दोन आरोग्य विमा पॉलिसींच्या तक्त्यातली एकच ओळ घेणार आहे आणि तिच्या मागे मागे जाणार आहे. ओळ अशी आहे: ‘मोतीबिंदू शस्त्रक्रिया’, आणि तिच्यासमोर ‘अ’ पॉलिसीच्या रकान्यात बरोबरची खूण, ‘ब’ पॉलिसीच्या रकान्यातही बरोबरची खूण. वर हप्त्याच्या ओळीत ‘ब’चा हप्ता 16 टक्क्यांनी कमी दाखवला आहे. वाचणारा साहजिकच ‘ब’ घेतो.

तपासणाऱ्याने आधी तक्ता बाजूला ठेवावा आणि दोन्ही पॉलिसींचे पूर्ण मजकूर, म्हणजे पॉलिसी वर्डिंग, समोर घ्यावेत. माहितीपत्रक चालणार नाही. तक्ता बहुतेक वेळा माहितीपत्रकावरूनच तयार झालेला असतो, आणि मग आपण नकलेशी नक्कल ताडून पाहत बसतो. मजकुराची आवृत्ती आणि तारीखही टिपून ठेवावी, कारण त्याच नावाच्या पॉलिसीच्या अटी नव्या आवृत्तीत बदललेल्या असू शकतात.

आता आपल्या उदाहरणातल्या दोन मजकुरांत मोतीबिंदूविषयी काय लिहिले आहे ते पाहू. ‘अ’मध्ये ठरावीक आजारांच्या यादीत मोतीबिंदू आहे आणि त्या यादीला 24 महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी आहे. खर्चाची मर्यादा प्रत्येक डोळ्यामागे 50, आणि को-पे, म्हणजे दाव्यातला ग्राहकाने स्वतः सोसायचा वाटा, नाही. ‘ब’मध्ये प्रतीक्षा 12 महिन्यांचीच आहे, पण मर्यादा दोन्ही डोळे मिळून एका पॉलिसी वर्षात 40, आणि प्रत्येक दाव्यावर 20 टक्के को-पे. रकमा मी मुद्दाम कोणत्याही चलनात सांगत नाही. एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे बिल 60 आहे एवढे धरू.

समजा, पॉलिसी सुरू झाल्यापासून अठराव्या महिन्यात दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. बिल 120 चे. ‘अ’कडून काहीच मिळणार नाही, कारण प्रतीक्षा संपायला सहा महिने बाकी आहेत. ‘ब’कडून मिळेल, पण किती? आधी 40 ची मर्यादा लावून मग को-पे वजा केला तर 32 मिळतात. आधी 120 वर को-पे वजा केला तर 96 उरतात आणि मग मर्यादा लागून 40 मिळतात. हा क्रम बहुधा को-पेच्या कलमात एका वाक्यात दिलेला असतो, आणि मी आजवर जेवढे तक्ते तपासले त्यांपैकी एकातही तो मला दिसलेला नाही. आपल्या ‘ब’मध्ये को-पे ‘देय रकमेवर’ लागतो असे लिहिले आहे, म्हणजे मर्यादा आधी, आणि हाती 32.

हीच शस्त्रक्रिया तिसाव्या महिन्यात झाली तर चित्र उलटते. ‘अ’ 100 देते, ‘ब’ 32 च देते. म्हणजे या दोन पॉलिसींत चांगली कोणती, याचे उत्तर शस्त्रक्रिया केव्हा होणार यावर अवलंबून आहे, आणि त्या दोन सारख्या खुणांनी नेमके तेच झाकले आहे. माझ्या मते इथे तक्ता करणाऱ्याच्या हेतूची चर्चा करू नये. खूण मुद्दाम केली असो वा घाईत, वाचणाऱ्याचे नुकसान तेवढेच होते.

पण इथे थांबून चालणार नाही. मजकुरात प्रतीक्षा एकच नसते. सुरुवातीचा एक कालावधी असतो, बहुधा 30 दिवसांचा, ज्यात अपघात सोडून इतर दावे चालत नाहीत. ठरावीक आजारांचा दुसरा, जो आपण पाहिला. आणि आधीपासूनच्या आजारांचा तिसरा, जो आपल्या दोन्ही पॉलिसींत 36 महिने आहे. आता पॉलिसी घेण्याच्या वर्षभर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर तपासताना कागदावर ‘सुरुवातीचा मोतीबिंदू’ असे लिहून ठेवले असेल, तर तो आजार दोन्ही यादींत बसतो. अशा वेळी कोणता कालावधी धरायचा? अनेक पॉलिसींत याचे उत्तर दिलेले असते: दोहोंपैकी जो मोठा तो. आपल्या दोन्ही पॉलिसींतही तसेच आहे, त्यामुळे तिसाव्या महिन्यात ‘अ’चे 100 आणि ‘ब’चे 32 हे दोन्ही आकडे शून्यावर येतात. तक्त्यात ‘आधीपासूनचे आजार: 36 महिने’ अशी ओळ कुठेतरी खाली असेलही, पण ती मोतीबिंदूच्या ओळीला लागू होते हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. शिवाय मध्येच विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव भागासाठी प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची अट असते का, हेही इथेच पाहून घ्यावे.

वगळलेल्या बाबींचे प्रकरण वाचताना आपण ‘अपवाद’ या मथळ्याखालीच शोधतो, आणि तिथेच फसतो. आपल्याला हवा असलेला अपवाद बऱ्याचदा व्याख्येत दडलेला असतो. ‘रुग्णालयात दाखल होणे’ याची व्याख्या सलग किमान 24 तास अशी असेल तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, जिच्यानंतर रुग्ण त्याच दिवशी घरी जातो, त्या व्याख्येबाहेर पडते. ती डे-केअर उपचारांच्या तरतुदीत घेतलेली आहे ना, हे शब्दशः पाहावे लागते. ‘ब’मध्ये ती घेतलेली आहे, पण त्याच ओळीत पुढे ‘प्रमाणित एककेंद्री भिंगासह’ असे शब्द आहेत. म्हणजे दूरचे आणि जवळचे दोन्ही दिसणारे बहुकेंद्री भिंग बसवले तर किमतीतला फरक रुग्णाच्या खिशातून जाणार. हे शब्द अपवादांच्या यादीत सापडणार नाहीत.

हप्त्याच्या ओळीबद्दल थोडक्यात सांगतो. 16 टक्क्यांचा फरक मान्य करण्याआधी दोन्ही हप्ते एकाच वयाचे, एकाच विमा रकमेचे, एकाच मुदतीचे आणि करासह की कराविना आहेत हे जुळवून पाहावे. आपल्या तक्त्यात ‘ब’चा हप्ता दोन वर्षांचे पैसे एकदम भरल्यावर मिळणारी सवलत धरून काढला होता. सवलत काढली की फरक 9 टक्के उरला, आणि तोही ज्यात ग्राहकाने 20 टक्के को-पे स्वीकारला आहे अशा पॉलिसीचा. वाटा कमी घेणारा विमा स्वस्त असणारच; ती तुलना त्याच को-पेसह ‘अ’चा हप्ता मागवूनच करता येते.

मग दुरुस्त ओळ कशी लिहावी? खूण काढून टाकावी आणि प्रत्येक रकान्यात वाक्य लिहावे. ‘अ’समोर: ‘24 महिन्यांनंतर; पॉलिसीआधी निदान असल्यास 36 महिन्यांनंतर; प्रत्येक डोळ्यास 50 पर्यंत; को-पे नाही.’ ‘ब’समोर: ‘12 महिन्यांनंतर, पॉलिसीआधी निदान असल्यास 36 महिन्यांनंतर, दोन्ही डोळे मिळून वर्षाला 40 पर्यंत, त्यातून 20 टक्के को-पे वजा, फक्त एककेंद्री भिंग.’ प्रत्येकापुढे कलम क्रमांक. रकाना रुंद होतो, तक्ता देखणा राहत नाही, आणि तक्ता करणारे याच कारणाने तक्रार करतात. माझा आग्रह मात्र कायम आहे. एखाद्या रकान्यासाठी मजकुरात काहीच सापडले नाही तर तिथे रिकामी जागा किंवा आडवी रेघ सोडू नये, कारण वाचणारा त्याचा अर्थ ‘अट नाही’ असा घेतो. तिथे ‘मजकुरात उल्लेख नाही, कंपनीकडून लेखी विचारले आहे’ असे लिहावे, आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत तो तक्ता कोणाच्याही हातात देऊ नये.