काका, इथे श्वास कुठे घेऊ?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते इंग्रजी भाषण मराठीत कसं आणायचं याबद्दल, पण छापायला नाही हं, बोलायला. समोर माणसं बसलीत, एकजण उभा राहून ते म्हणणार आहे, आणि ऐकणाऱ्याच्या हातात कागद नाहीये. वाचणाऱ्याला वाक्य कळलं नाही तर तो मागं जातो, पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला मागं जाता येत नाही, एकदा सुटलं की सुटलं.

यातलं मी जे काही शिकलो ते बरंचसं एका नववीतल्या मुलीकडून आणि तिच्या आजीकडून शिकलो, त्यामुळे तीच गोष्ट सांगतो.

त्या मुलीला एका कार्यक्रमात अब्राहम लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण मराठीतून करायचं होतं आणि भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. तुम्हाला भाषण ठाऊक असेल. १९ नोव्हेंबर १८६३, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, जुलैमध्ये गेटिसबर्गला तीन दिवस भयंकर लढाई झाली होती आणि तिथं पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा कार्यक्रम होता. लिंकनच्या आधी एडवर्ड एव्हरेट नावाचे त्या काळचे नामांकित वक्ते दोन तास बोलले. मग लिंकन उठला आणि दहा वाक्यं बोलला, जेमतेम २७० शब्द, दोन-अडीच मिनिटांत संपलं. मला वाटलं एका संध्याकाळचं काम आहे, आणि झालंही एका संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्यासमोर कागद घेऊन उभी राहिली. पहिलं वाक्य मी असं केलं होतं, नीट ऐका: ‘सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी या खंडावर स्वातंत्र्यातून जन्मलेल्या आणि सर्व मानव समान निर्माण करण्यात आले आहेत या तत्त्वाला समर्पित असलेल्या एका नव्या राष्ट्राची निर्मिती केली.’

ती ‘आले आहेत’पर्यंत पोचली, थांबली, आणि म्हणाली, “काका, इथे श्वास कुठे घेऊ?”

मी कागद पाहिला तर खरंच कुठेच जागा नव्हती. आणि चूक काही शब्दांची नव्हती, सगळे शब्द बरोबर होते. घोळ होता क्रियापदाचा. इंग्रजीत ते ‘आपल्या पूर्वजांनी उभं केलं’ हे आधीच सांगून मोकळे होतात, मग राष्ट्र येतं आणि मग ते राष्ट्र कसलं हे मागून जोडत जातात. आगगाडीला डबे जोडावेत तसं, इंजिन पुढे. आपल्याकडे इंजिन शेवटी. ‘पूर्वजांनी’ म्हटल्यावर ऐकणारा वाट बघत बसतो की पूर्वजांनी केलं तरी काय, आणि ते ‘केली’ येतं वीसेक शब्दांनंतर. तोवर त्या सगळ्या ‘जन्मलेल्या, असलेल्या, समर्पित’ची ओझी त्यानं डोक्यात धरून ठेवायची. कागदावर डोळा धरून ठेवतो, सभेत कान धरत नाही.

तिची आजी तिथंच बसली होती. इंग्रजी येत नाही, लिंकन माहीत नाही, पण आयुष्यभर कीर्तनं ऐकलेली बाई. ती म्हणाली, “अहो, आधी काय झालं ते सांगा ना, मग कसं झालं ते सांगा.”

मग आम्ही बसून वाक्य मोडलं. आता ते असं झालं: ‘सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी आपल्या वाडवडिलांनी या भूमीवर एक नवं राष्ट्र उभं केलं. ते जन्मलं स्वातंत्र्यातून. आणि त्यानं एकच गोष्ट उराशी धरली, की जन्मानं सगळी माणसं सारखी.’ एकाची तीन वाक्यं झाली. पण गंमत बघा, ‘ते जन्मलं स्वातंत्र्यातून’ यात क्रियापद मध्ये आलं आणि जो शब्द कानावर आदळायला हवा तो शेवटी गेला. बोलताना आपण हे रोज करतो, ‘गेला होता तो मामाकडे’ असं सहज म्हणतो, फक्त लिहायला बसलो की शाळेतलं व्याकरण आठवतं आणि क्रियापद शेवटाला नेऊन ठोकतो. भाषणात तसं करायची काही सक्ती नाही. जो शब्द ठसवायचा तो वाक्याच्या शेवटी ठेवा, त्याच्यानंतर थांबा. आणि ‘निर्माण करण्यात आले आहेत’ हे गेलं ते एक बरं झालं. हे ‘करण्यात आले’ आणि ‘च्या द्वारे’ मला कुठंच आवडत नाहीत, नोटिशीत ठीक आहेत, माणसाच्या तोंडात नाहीत.

तो ‘सत्त्याऐंशी’ पण सोपा गेला नाही. मूळ भाषणात लिंकन आकडा सरळ सांगत नाही, ‘चार विसा आणि सात’ म्हणतो, बायबलमधली वयं मोजायची जुनी पद्धत आहे ती, म्हणून ते भारदस्त वाटतं. आपल्याकडेही विसा होता, जुनी माणसं तीन विसा, चार विसा म्हणायची, त्यामुळे मला फार मोह झाला. पण आपला विसा मोजदादीतला, देवाघरचा नाही, सैनिकांच्या थडग्यांसमोर तो शोभला नसता, मी सोडून दिला. मात्र कागदावर अंकात ८७ लिहिलं होतं तिथं ती मुलगी दर वेळी अडखळायची, एकदा तर सत्त्याण्णव म्हणाली. आपले आकडे जोडाक्षरांनी भरलेले आणि अंक बघून तोंडात यायला क्षणभर लागतो. अक्षरात लिहून दिल्यावर अडखळणं थांबलं.

मग आलं ते खरं अवघड वाक्य. लिंकन म्हणतो की ही जमीन आपण अर्पण करू शकत नाही, पवित्र करू शकत नाही, पावन करू शकत नाही. इंग्रजीत ‘आपण नाही करू शकत’ हा भाग तिन्ही वेळा सुरुवातीला येतो, ढोल वाजल्यासारखा, आणि नवा शब्द शेवटी. मराठीत उलटं होतं, ढोल गेला शेवटी आणि नवा शब्द मध्ये दबला. शिवाय अजून एक अडचण, आणि ही मात्र लक्षात ठेवा. वाक्याच्या शेवटी आपला आवाज उतरतो, आणि मराठीत ‘नाही’ नेमका तिथंच असतो. मुलगी म्हणाली ‘पावन करू शकत नाही’ आणि मागच्या खुर्चीवर मी ऐकलं ‘पावन करू शकत’. अर्थच उलटा! त्यात माईक कमी-जास्त असला की संपलं, आणि हॉलमधले माईक नेहमी वक्त्यापेक्षा उंच माणसासाठी लावलेले असतात, ते एकदा कुणीतरी बघायला हवं. तर, ‘नाही’ शेवटी पडू देऊ नका.

आम्ही तिथं प्रश्न केला. ‘ही जमीन अर्पण करणारे आपण कोण? पवित्र करणारे आपण कोण? इथं जे लढले, जे जगले आणि जे पडले, त्यांनीच ती पवित्र केली.’ नकार गेला, पण अर्थ तोच राहिला, आणि ढोलही राहिला. आपल्याकडे ‘आपण कोण’ असं विचारलं की उत्तर ‘कुणी नाही’ हेच असतं, ते सांगावं लागत नाही.

इथं आजीनं दुसरा दोष पकडला. माझ्या पहिल्या खर्ड्यात काही ठिकाणी ‘आम्ही’ होतं, काही ठिकाणी ‘आपण’. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे भाषांतर करताना हात जाईल तिकडं जातो. ‘आम्ही आज इथे जमलो आहोत’ हे ऐकल्यावर आजी म्हणाली, “आम्ही म्हणजे ते. मग मला कशाला सांगतायत?” अगदी बरोबर. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. लिंकनला समोरची सगळी माणसं आत हवी होती. मी संपूर्ण भाषण घेऊन प्रत्येक ‘आम्ही’वर गोल केला आणि बघितलं, समोरचा यात आहे का? एकही ‘आम्ही’ उरला नाही. अर्थात दर वेळी असंच होईल असं नाही. समजा कंपनीचा साहेब कामगारांना सांगतोय की आम्ही हा निर्णय घेतला, तर तिथं ‘आम्ही’च खरं आहे, ‘आपण’ म्हटलं तर लोकांना ते खोटं वाटेल.

शेवटचं वाक्य तर ऐंशीच्या आसपास शब्दांचं आहे, एकच वाक्य! इंग्रजीत पाच वेळा ‘की’ येतो. मी पाचही ठेवले होते, ‘निर्धार करूया की... की... की...’, आणि मुलगी प्रत्येक ‘की’ला जिन्याची पायरी चुकल्यासारखी अडखळायची. सगळे काढले. झालं असं: ‘यांचं मरण वाया जाणार नाही. या राष्ट्रात स्वातंत्र्य पुन्हा जन्माला येईल. आणि लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी चालवलेलं राज्य या पृथ्वीवरून कधीही, कधीही पुसलं जाणार नाही.’ ‘चालवलेलं’ मूळात नाही, पण आपला ‘लोकांनी’ एकटा उभा राहत नाही, लोकांनी काय केलं ते लगेच सांगावं लागतं. दोन्ही ‘कधीही’ पण माझेच, ते अशासाठी की आवाज तिथं चढतो आणि ‘नाही’पर्यंत चढलेलाच राहतो.

आणि एक बारीक गोष्ट. कागदावर ‘लोकांचे’, ‘केले’, ‘उभे’ असं लिहिलंत तर वक्ता तसंच वाचेल, आणि सभेला कळेल की हा वाचतोय. ‘लोकांचं’, ‘केलं’, ‘उभं’ असं अनुस्वार देऊनच टाईप करा, जसं म्हणायचं तसं. एका ओळीत एका श्वासाचं, पुढची ओळ नवी. पानाच्या शेवटी वाक्य तोडू नका, पान उलटेपर्यंत माणसं वाऱ्यावर राहतात.

पहिला खर्डा मी घड्याळ लावून म्हटला तेव्हा चार मिनिटांच्या वर गेला होता, शेवटचा तीनच्या आत आला. वाक्यं दुप्पट झाली आणि वेळ कमी लागला.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मुलीनं कागद न बघता सगळं म्हणून दाखवलं. आजी काही वेळ गप्प होती, मग तिनं भाषांतराबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, “मग पुढं काय झालं त्या लढाईचं?” मी सांगितलं, युद्ध आणखी दीडेक वर्ष चाललं, आणि ते संपत आलं त्याच एप्रिल १८६५ मध्ये हे बोलणाऱ्या माणसाला गोळी घातली.

आजीनं नातीकडं बघितलं. “ते शेवटचं पुन्हा एकदा म्हण गं,” ती म्हणाली, “सावकाश.”