खोक्यामागचा धूर कसा सांगावा

मंडळी, उदबत्तीवाले आम्हा फोटोवाल्यांकडे जी मागणी पाठवतात ती बहुतेक एका ओळीची असते: ‘खोक्याभोवती धूर दरवळतोय असा फोटो हवा.’ या ओळीत ‘भोवती’ हा शब्द सगळा घोळ करतो. भोवती म्हणजे मागे, बाजूला आणि पुढेही. माझ्याकडे एकदा असाच एक उभा, गर्द हिरवा खोका आला होता, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘मोगरा’. धुराची एक लट नेमकी ‘मो’वरून गेली आणि फोटोत उरला ‘गरा’. मालक म्हणाले, ‘फणसाची उदबत्ती कधी काढली आम्ही?’ चूक त्यांचीही होती आणि न विचारता कामाला लागलो म्हणून माझीही.

धुराचं वर्णन करायचं तर तो दिसतो कशामुळे ते आधी लक्षात घ्या. धूर म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण. मागून किंवा मागच्या कोपऱ्यातून उजेड आला की ते कण तो कॅमेऱ्याकडे विखुरतात, आणि मागे काळोख असला की लट उठून दिसते. पांढऱ्या पडद्यापुढे तोच धूर जवळपास नाहीसा होतो. म्हणजे धुराचा दिवा मागे आणि खोक्याच्या छपाईचा दिवा पुढे, अशी दोन वेगळी कामं झाली. मागचा उजेड खोक्याच्या दर्शनी बाजूवर पडतच नाही, त्यामुळे धूर कितीही उजळ केला तरी अक्षरं फिकी पडत नाहीत. अट एकच, धूर खोक्याच्या मागेच राहिला पाहिजे.

त्या मोगऱ्यासाठी दुसऱ्या खेपेला आम्ही असं लिहून घेतलं: ‘खोका मध्याच्या थोडा डावीकडे, दर्शनी बाजू पूर्ण दिसावी. उदबत्तीचं घर खोक्याच्या उजवीकडे, साधारण फूटभर मागे. पेटलेलं टोक फोटोत दिसावं. धूर टोकापासून वीतभर सरळ वर जाईल, मग डावीकडे झुकून खोक्यामागून जाईल आणि वरच्या कडेच्या वर एक-दोन सैल वळसे घेईल. खोक्याच्या पुढे धूर अजिबात नको. पार्श्वभूमी काळपट, खोक्याच्या दोन्ही कडांवर उजेडाची बारीक रेघ.’

यातलं ‘पेटलेलं टोक दिसावं’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उदबत्ती खोक्याआड लपवली की धूर थेट खोक्याच्या माथ्यावरून निघतो आणि बघणाऱ्याला वाटतं, खोक्यालाच आग लागली. धूर कुठून सुरू होतो ते दिसलं की ही शंका उरत नाही. आणि कडांवरची रेघ कशाला? गर्द हिरवा खोका काळ्या पडद्यापुढे ठेवला की त्याच्या कडा काळोखात मिसळतात. मग धूर कशाच्या मागे आहे तेच कळत नाही. कडेपाशी लट तुटते तेव्हाच ‘मागे’ हे डोळ्याला पटतं.

वळसे मात्र हुकमी मिळत नाहीत. पंखा बंद, दार लोटलेलं, माणसं जागच्या जागी, तरच धूर आधी दोऱ्यासारखा सरळ चढतो आणि वर जाऊन आपोआप मोडतो. वळसा हवा असेल तर लांबून पुठ्ठ्याने एकदाच हलका वारा घालायचा आणि थांबायचं. सारखं हलवत राहिलात तर धुराचा नुसता पुंजका होतो. धूर बारीक वाटला तर दोन-तीन काड्या एकत्र लावा. पण बंद खोलीत थोड्या वेळाने सगळीकडेच धुरकट होतं, काळा पडदा राखाडी दिसायला लागतो, आणि हे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चटकन कळत नाही. पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून काळा रंग ताडून बघा. राखाडी झाला असेल तर खिडक्या उघडा आणि चहा घेऊन या.

एवढं करूनही एकाच फोटोत उत्तम धूर आणि उत्तम छपाई मिळेल असा हट्ट मी धरत नाही. तिकाटणं न हलवता आधी धुराशिवाय खोक्याचा स्वच्छ फोटो घेतो. मग खोका काढून, पुढचा दिवा बंद करून, मागच्या दिव्यावर धुराचे पन्नास-साठ फोटो घेतो. त्यातला मनाजोगता वळसा संगणकावर Screen मोडमध्ये खोक्याच्या फोटोवर ठेवला की काळा भाग गळून जातो आणि धूर तेवढा उरतो. खोक्याच्या आकाराचा मास्क लावून पुढे आलेला धूर झाकायचा. मास्कची कड ढिली राहिली तर खोक्याभोवती काळसर किंवा दुधी किनार दिसते. मोठं करून चारही कोपरे तपासा.

मागणी लिहिताना म्हणूनच एक ओळ वाढवा: ‘खोका आणि धूर वेगवेगळे टिपले तरी चालेल.’ ही ओळ नसली तर फोटोवाला एकाच फोटोच्या मागे लागतो आणि तुमच्या दोन पुड्या काड्या जळून जातात.