दोरा ताणला की विमान उत्तरेला का जातं?

[दृश्य: भिंतीवरचा जगाचा नकाशा. मुंबईवर एक पिन, न्यूयॉर्कवर दुसरी.]

मुंबईहून न्यूयॉर्कला जायचं, तर तोंड कुठे करायचं?

नकाशा सांगतो, पश्चिमेला. दोन पिनांवर पट्टी ठेवून रेघ मारा. ती अरबस्तानावरून निघते, इजिप्तचा दक्षिण भाग, अल्जेरिया, मोरोक्को ओलांडते आणि अटलांटिक पार करून न्यूयॉर्कला पोहोचते. जेमतेम दहा अंश उत्तरेकडे कललेली सरळ रेघ.

विमानाच्या सर्वात जवळच्या वाटेची सुरुवात मात्र अगदी निराळी आहे. ती मुंबईहून जवळजवळ उत्तरेला निघते, सौराष्ट्र आणि कच्छच्या दिशेने. पुढे अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग मॉस्कोच्या जवळून फिनलंड, नॉर्वे. आइसलँडच्या दक्षिण भागावरून ती ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ घासून जाते आणि कॅनडाच्या लॅब्राडोरवरून खाली न्यूयॉर्कला उतरते. नकाशावर ही वाट कमानीसारखी दिसते. पाहणाऱ्याला वाटतं, एवढा वळसा कशासाठी?

[दृश्य: टेबलावर पृथ्वीगोल. दोन हात, शिवणकामाचा लाल दोरा.]

याचं उत्तर शाळेतल्या पृथ्वीगोलावर मिळतं. आमच्याकडचा गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे खऱ्या पृथ्वीवरचे सुमारे ४२५ किलोमीटर. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरायचं आणि दोरा नकाशातल्या त्या सरळ रेघेवरून न्यावा, तसा इजिप्त, अल्जेरिया, मोरोक्कोवरून न्यूयॉर्कपर्यंत न्यायचा. साडेतेहतीस सेंटिमीटरला थोडासा कमी दोरा लागतो.

आता मुंबईचं बोट न हलवता न्यूयॉर्ककडचं टोक हळूहळू ओढा. दोरा सहारातून सुटतो, भूमध्य समुद्रावरून सरकतो, युरोप ओलांडतो आणि वर वर जातो. मॉस्को, नॉर्वे, आइसलँडपर्यंत येऊन तो ताठ होतो आणि थांबतो. आता दोन शहरांच्या मध्ये फक्त साडेएकोणतीस सेंटिमीटर दोरा आहे. उरलेला चार सेंटिमीटर तुमच्या चिमटीत आला.

हा चार सेंटिमीटर म्हणजे सुमारे १,६५० किलोमीटर. सरळ दिसणारी वाट जवळपास १४,२०० किलोमीटरची आहे आणि कमानीची साधारण १२,५५० किलोमीटरची. विमानाच्या वेगाने हा फरक पावणेदोन तासांच्या आसपास पडतो. मला सर्वात जास्त चकित केलं ते वेगळ्याच आकड्याने. मुंबईहून थेट उत्तर ध्रुवावर जायचं आणि तिथून वळून न्यूयॉर्कला उतरायचं, तरी अंतर १३,४०० किलोमीटरच्या आतच राहतं. ध्रुव गाठून आलेलं विमानसुद्धा नकाशावरच्या सरळ रेघेवरून जाणाऱ्याच्या आधी पोहोचेल.

[दृश्य: गोलावरच्या रेखावृत्तांच्या रेषा, वर जाता जाता जवळ येणाऱ्या.]

असं का होतं, ते रेखावृत्तांकडे पाहून कळतं. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत सुमारे १४७ रेखावृत्तं ओलांडायची आहेत, वाट कुठलीही घ्या. पण प्रत्येक ठिकाणी रेखावृत्तांमधलं अंतर सारखं नसतं. मुंबईच्या अक्षांशावर एका अंशाचं अंतर सुमारे १०५ किलोमीटर आहे. हा मार्ग सर्वात वर पोहोचतो तिथे, म्हणजे ६५ अंश उत्तरेच्या जरासं खाली, तेच अंतर ४८ किलोमीटर उरतं. धावण्याच्या मैदानावर आतल्या लेनमध्ये वळण घेणाऱ्याला कमी धावावं लागतं, तसंच हे. फार वर गेलं तर वर चढण्यातच अंतर वाढतं. ताणलेला दोरा या दोन्हींचा मेळ बसवतो.

भिंतीवरच्या नकाशात मात्र रेखावृत्तं जवळ येतच नाहीत. ती उभ्या, समांतर रेषा असतात. म्हणजे वरचा भाग आडवा ताणलेला आहे. जेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये अशा नकाशाची पद्धत मांडली, तेव्हा त्याने वरचा भाग त्याच प्रमाणात उभाही ताणला, म्हणजे जागच्या जागी दिशा बरोबर राहतात. ६० अंशांवर सगळं दुप्पट होतं, आपल्या मार्गाच्या माथ्यावर सव्वादोन पटींहून जास्त. त्यामुळे आइसलँडजवळचा आखूड रस्ता नकाशावर लांबलचक वळशासारखा दिसतो.

मर्केटरला दोष देणं मला पटत नाही. त्याचा नकाशा खलाशांसाठी होता. समुद्रात होकायंत्राची सुई एकाच कोनात धरून जहाज चालवायचं, तर ती वाट नकाशावर सरळ रेघ म्हणून मिळायला हवी होती आणि त्याने ती मिळवून दिली. रेघ दिशेची आहे, अंतराची नाही. नकाशा वर्गातल्या भिंतीवर आला तेव्हा एवढं सांगायचं राहून गेलं.

[दृश्य: होकायंत्राची फिरणारी तबकडी.]

आता दिशेचीच गोष्ट. दोऱ्याच्या वाटेवर विमान मुंबईहून निघताना ३३३ अंशांवर असतं, म्हणजे उत्तरेपासून २७ अंश पश्चिमेला. माथ्यावर पोहोचेपर्यंत ते बरोबर पश्चिमेकडे, २७० अंशांवर येतं. न्यूयॉर्कजवळ ते नैर्ऋत्येला, साधारण २१४ अंशांवर उतरत असतं. दिशा जवळपास १२० अंश बदलली, पण विमान डावीकडे वळलं नाही. गोल पृष्ठावर नाकासमोर सरळ गेलं की खालची उत्तर दिशा आपोआप सरकत जाते. उलट, होकायंत्राचा कोन कायम ठेवायचा तर वैमानिकाला सारखं थोडं थोडं उजवीकडे वळत राहावं लागेल. नकाशावर सरळ दिसणारी वाट हीच खरी वळणाची वाट आहे.

हे सगळ्या मार्गांवर सारखं दिसत नाही. मुंबई–दिल्ली बहुतेक उत्तर-दक्षिण आहे, तिथे दोन्ही रेघा जवळजवळ एकच. विषुववृत्ताच्या आसपासही फरक थोडाच. कमान मोठी होते ती दोन्ही शहरं विषुववृत्तापासून दूर, एकाच बाजूला आणि पूर्व-पश्चिम लांब असताना. दक्षिण गोलार्धात ती खाली झुकते. सिडनी–सँटियागोची वाट अंटार्क्टिकाकडे वळते.

[दृश्य: पडद्यावर उड्डाणाची खरी वाट. शेजारी गोल आणि दोरा.]

खरी विमानं अगदी दोऱ्यावरून क्वचितच जातात. पश्चिमेकडून येणारा जोराचा वारा चुकवावा लागतो, कधी आकाशच बंद असतं. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली. असा वळसा नकाशावरून ओळखता येत नाही, कारण तिथे जवळची वाटही वाकलेली दिसते. त्यासाठी पुन्हा गोलच घ्यावा लागतो. समजा दोरा इस्तंबूलवरून न्यायचा ठरला. मुंबई–इस्तंबूल आणि इस्तंबूल–न्यूयॉर्क, दोन्ही तुकडे ताणून मोजले की सुमारे ३३० किलोमीटर जास्त भरतात. गोलावर पाऊण सेंटिमीटरच्या थोडं वर. भिंतीवरच्या नकाशावर ही वाट कमानीपेक्षा पट्टीच्या रेघेच्या जास्त जवळ दिसते, पण दोरा मात्र तिच्यासाठी जास्त लागतो.