आधी काळजी, मग पीएनआर

नमस्कार श्रोतेहो. मुंबई विमानतळावर एका विमान कंपनीच्या मदत काउंटरवर मी काही वर्षं बसत होते. त्यातली जुलैमधली एक संध्याकाळ सांगते. बाहेर धो धो पाऊस, फलकावर नागपूरचं विमान रद्द आणि माझ्यासमोर ही मोठी रांग.

सगळ्यांत पुढे एक काका. बगलेत छत्री, हातात चुरगळलेला बोर्डिंग पास. ‘‘तुम्हाला काय, तुम्ही खुर्चीत बसलाय!’’ असं ओरडतच आले.

नवीन होते तेव्हा अशा वेळी मी मान खाली घालून म्हणायचे, ‘‘पीएनआर सांगा.’’ नाहीतर, ‘‘काळजी करू नका.’’ दोन्हींनी माणूस आणखी भडकतो. पहिल्यात आपण त्याचं ऐकलेलंच नसतं. दुसऱ्यात त्याच्या काळजीला आपण परस्पर सुट्टी देऊन टाकतो!

त्या दिवशी मी कीबोर्डवरचे हात काढले. म्हटलं, ‘‘काका, ऐन वेळी विमान रद्द झालं. तिकडे वेळेत पोचायलाच हवं असं काहीतरी असणार, म्हणून जीव टांगणीला लागलाय ना?’’ आणि गप्प बसले. जेमतेम चार-पाच सेकंद. रांग वाढत असताना तेवढेही फार लांब वाटतात, बरं का.

काकांचा आवाज खाली आला. ‘‘आईचं ऑपरेशन आहे, उद्या दहाला. सही मी करायचीय. आणि तिचे रिपोर्ट बॅगेत, ती बॅग विमानात गेली.’’

आता बघा. कॉम्प्युटरनं त्यांना आपोआप दुसऱ्या दिवशी संध्याकाळची जागा देऊन टाकली होती. नुसता पीएनआर घेतला असता तर मी तीच त्यांच्या हातात ठेवली असती. सकाळी सहाच्या विमानात एक जागा शिल्लक होती, ती दिली. विमानातून उतरवलेली बॅग कुठल्या पट्ट्यावर येईल, तेही चिठ्ठीवर लिहून दिलं.

मग नियम सांगितले. दुसरं विमान घ्यायचं की पैसे परत, हे प्रवाशानं ठरवायचं. विमानतळावर थांबावं लागलं तर खाणंपिणं कंपनीकडून. पण पावसामुळे रद्द झालं असेल तर वेगळी भरपाई मिळत नाही. हे वाक्य तोंडातून निघत नाही, तरी तेव्हाच सांगावं. नंतर कळलं तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

‘‘सकाळचं तरी नक्की ना?’’ काकांनी विचारलं. ‘हो’ म्हणण्याचा मोह झाला. पण म्हटलं, ‘‘पाऊस वाढला तर तेही अडकेल. तुम्ही हॉस्पिटलला आत्ताच फोन करा. दुसऱ्या कुणाची सही चालेल का, विचारून ठेवा.’’

त्यांनी तिथूनच फोन लावला. बहिणीची सही चालणार होती. काका बॅग घ्यायला गेले, आणि छत्री माझ्या काउंटरवरच राहिली.