स्वर्गीय शांतीत नीज

नमस्कार, श्रोतेहो. भाषांतरित गीत कागदावर निर्दोष वाटते, पण गाताना घशात अडकते. असे का होते, याविषयी मी आज एकाच गीताच्या आधारे बोलणार आहे. ते गीत म्हणजे नाताळात इंग्रजीत 'सायलेंट नाइट' या नावाने गायिले जाणारे, बाळ येशूला निजवणारे भक्तिगीत. योझेफ मोर यांचे मूळ जर्मन शब्द आणि फ्रान्झ ग्रुबर यांची चाल असलेले हे गीत 24 डिसेंबर 1818 रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे पहिल्यांदा गायिले गेले.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या गायकवृंदासाठी मी या गीताचे मराठी रूप करायला घेतले. इंग्रजीतील प्रत्येक शब्द मराठीत आला म्हणजे भाषांतर झाले, अशी तेव्हा माझी भाबडी समजूत होती. त्यामुळे 'शांत रात्र, पवित्र रात्र' हा आरंभ झाला, मग 'सर्व शांत आहे, सर्व तेजस्वी आहे' ही ओळ आली, आणि 'स्लीप इन हेवन्ली पीस' या शेवटच्या ओळीसाठी मी मोठ्या समाधानाने लिहिले, 'स्वर्गीय शांतीत नीज'. अर्थाला कोठे धक्का लागलेला नव्हता आणि व्याकरणही बरोबर होते.

तालमीला वृंदातील एका मुलीची आजी भिंतीला टेकून, मटारच्या शेंगा सोलत बसलेली असे. शेवटची ओळ दोनदा गायिली जाते, दुसऱ्यांदा ती संपताच आजींनी हातातली शेंग खाली ठेवली आणि मला विचारले, "काय हो, तुम्ही बाळाला निजवताय, की त्याच्या फोटोला हार घालताय?" सगळा वृंद हसत सुटला आणि मी मात्र कागदाकडे पाहत राहिलो. आजींचे बरोबर होते. आपल्याकडे 'स्वर्गीय' हा शब्द बहुधा दिवंगत माणसाच्या नावाआधी येतो. शोकसभेच्या फलकावर तो आपण वाचलेला असतो. त्याच्या शेजारी 'शांती' आणि 'नीज' आले की अंगाईची श्रद्धांजली होते.

मी माघार घेतली नाही. 'गाताना तसे वाटणार नाही,' असे म्हणून ती ओळ मी पुन्हा गायला लावली. तेव्हा आजी म्हणाल्या, "आणि ते 'याऽ' कोण ओरडतंय?" आता मी नीट ऐकले. त्या ओळीतला सर्वांत उंच स्वर तिसऱ्या अक्षरावर येतो. इंग्रजीत तेथे 'हेवन'चा पहिला, जोर असलेला उच्चार आहे. माझ्या ओळीत तेथे 'स्वर्गीय'मधला 'य' आला होता. बोलताना जो 'य' आपण जेमतेम उच्चारतो, तो उंच स्वरावर ताणला की 'याऽ' होतो.

श्रोतेहो, ओळखण्याची खूण हीच आहे. ओळ गाऊन पाहावी, आणि जेथे ऱ्हस्व अक्षर दीर्घ होते तेथे थांबावे. पुन्हा सांगतो, जेथे ऱ्हस्व अक्षर दीर्घ होते तेथे थांबावे. 'पवित्र रात्र' गाताना पहिला, रेंगाळणारा स्वर 'प'वर येतो आणि कानाला 'पावित्र' ऐकू येते. दुसरी खूण म्हणजे 'आहे'. 'सर्व शांत आहे' हे इंग्रजीतल्या 'इज'चे ओझे आहे. गाण्यात मराठी माणूस 'सारे शांत' एवढेच म्हणेल. (सकाळी भेटल्यावर 'शुभ सकाळ' म्हणणे हेही मला याच जातीचे वाटते, आमच्या घरी 'उठलास का?' म्हणत, आणि त्यात माया अधिक होती.)

शब्द सोडल्याने मूळ गीताचा अपमान होतो, असे काहींना वाटते. ज्या इंग्रजी ओळींना मी चिकटून बसलो होतो, त्याच मुळाशी एकनिष्ठ नाहीत. जर्मन गीतात सारे झोपले आहे आणि केवळ येशूचे आईवडील, ते पवित्र दांपत्य, जागे आहे, शिवाय बाळाचे केस कुरळे आहेत. 1859 साली जॉन फ्रीमन यंग यांनी केलेल्या इंग्रजी रूपांतरात ना ते जागणे उरले, ना कुरळे केस.

शेवटी मी 'शांत ही रात, धन्य ही रात' असा आरंभ केला. 'रात' हे रूप गाण्यांमधून आपल्या ओळखीचे आहे. त्यातला 'रा' लांबवता येतो आणि 'त' हलकेच मिटतो. 'धन्य'चे पहिले अक्षर जोडाक्षरामुळे जड होते, म्हणून लांब स्वर पेलते. शेवटची ओळ झाली 'नीज ना रे बाळा'. उंच स्वर 'ना'वर येतो आणि 'बाळा'तला 'ळा' हवा तितका ताणता येतो. त्यात स्वर्ग गेला, हे मला मान्य आहे, आणि एका ज्येष्ठ गायकाने त्याबद्दल मला अद्याप क्षमा केलेली नाही. आजींनी मात्र ती ओळ ऐकून, काही न बोलता, पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

दुसऱ्या कडव्यात मेंढपाळ ते दृश्य पाहून थरथरतात. 'थरथरतात' हे क्रियापद त्या संथ चालीत काही केल्या बसत नाही, म्हणून आमचा वृंद सध्या पहिले कडवेच दोनदा गातो. नमस्कार.