दूधगाडीचे ड्रायव्हर आणि न दिलेला कॉमा

2014 सालची गोष्ट आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, तिथल्या पोर्टलंड शहरात ओकहर्स्ट डेअरी म्हणून दुधाची कंपनी, आणि तिच्या गाड्या चालवणाऱ्या काही ड्रायव्हरांनी कंपनीवर दावा लावला. मागणी साधी होती. आठवड्याला 40 तासांच्या वर काम केलं की त्या वरच्या तासांना दीडपट पगार द्यायचा असा मेनचा कायदा आहे, आम्ही 40 च्या वर काम करतो, आमचा ओव्हरटाइम द्या.

कंपनीने सांगितलं, तुम्हाला तो लागू नाही, कायद्यातच सूट आहे. आणि खरंच सूट होती. शेतमाल, मांस-मासे आणि नाशवंत खाण्याच्या वस्तू यांच्या बाबतीत काही कामं करणाऱ्यांना ओव्हरटाइमचा नियम लावायचा नाही असं एक कलम होतं. दूध नाशवंत, त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते कोणत्या कामांना सूट यावर.

ते कलम आता स्क्रीनवर बघा, हळू वाचतो कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. "द कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ", आणि याच्या खाली त्या तीन प्रकारच्या वस्तू.

शेवटच्या तुकड्यावर थांबा. पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन. "शिपमेंट"च्या नंतर कॉमा नाहीये. मग यात कामं किती? कंपनी म्हणाली दोन, एक शिपमेंटसाठी पॅक करणं आणि दुसरं डिस्ट्रिब्यूशन म्हणजे माल वाटणं, ड्रायव्हर माल वाटतात म्हणून त्यांना सूट लागू, ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले काम एकच आहे, पॅकिंग, मग ते शिपमेंटसाठी असो की डिस्ट्रिब्यूशनसाठी, आणि आम्ही काही पॅक करत नाही, आम्ही गाडी चालवतो, म्हणजे सूट आम्हाला नाहीच.

"शिपमेंट"पुढे कॉमा असता तर वाद उभाच राहिला नसता, कंपनीचा अर्थ एकदम पक्का झाला असता. यादीत शेवटच्या वस्तूच्या आधी, "अँड" किंवा "ऑर"च्या अलीकडे जो कॉमा देतात त्याला सीरियल कॉमा म्हणतात, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या घरच्या शैलीत तो देतात म्हणून ऑक्सफर्ड कॉमा असंही नाव पडलं. मेनच्या कायद्यात तो नव्हता.

आता ही गोष्ट इंटरनेटवर हजार वेळा सांगून झालीय आणि जवळपास प्रत्येक वेळी असं सांगतात की बघा, कायदा लिहिणाऱ्यांनी कॉमा विसरला, व्याकरण चुकलं आणि कंपनी बुडाली. हे मला फार खटकतं, कारण कॉमा कुणी विसरला नव्हता. मेन राज्यात कायद्याचे मसुदे कसे लिहायचे याचं एक मॅन्युअल आहे आणि त्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की यादीतल्या शेवटच्या दोन वस्तूंच्या मध्ये कॉमा देऊ नका. म्हणजे ज्याने हे कलम लिहिलं त्याने नियम पाळला होता! अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत याच्या उलट सांगतात, पण मेनमध्ये हाच नियम. कंपनीच्या वकिलांनी हाच मुद्दा धरला, की इथे कॉमा नसण्याला काही अर्थच नाही, कारण इथे तो कधीच देत नाहीत.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेत इंग्रजीच्या तासाला "अँड"च्या आधी कॉमा दिला म्हणून लाल गोल मिळालाय. मलाही मिळालाय, आणि पुढे नोकरीत एका अमेरिकन क्लायंटकडून तोच कॉमा न दिल्याबद्दल मेल आलाय. दोघंही ठामपणे सांगत होते की हेच बरोबर. खरं असं आहे की इंग्रजीच्या व्याकरणात असा काही कायदा नाही, ही घराघराची पद्धत आहे. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल द्या म्हणून जोरात शिफारस करतं, असोसिएटेड प्रेसची बातम्यांची शैली साध्या यादीत देऊ नका म्हणते, ब्रिटनमधली वर्तमानपत्रं सहसा देत नाहीत. साध्या यादीत, म्हणजे ब्रेड, बटर अँड जॅम, कॉमा असला काय नसला काय, वाक्य दोन्हीकडे शुद्धच आहे. अडतं कुठे, तर यादीतली एखादी वस्तू एका शब्दाची नसून तिला स्वतःची शेपटी असते तिथे. गंमत म्हणजे मेनच्या त्याच मॅन्युअलमध्ये सावधगिरीची सूचनाही होती, की यादीतल्या एखाद्या वस्तूला विशेषण किंवा जादा शब्द जोडलेले असतील तर जपून लिहा. "पॅकिंग"ला "फॉर शिपमेंट" जोडलेलं होतं.

पहिल्या फेरीत, मेनच्या फेडरल कोर्टात, ड्रायव्हर हरले. ते वर गेले, बोस्टनच्या अपील कोर्टात, आणि 13 मार्च 2017 ला न्यायमूर्ती डेव्हिड बॅरन यांनी निकाल लिहिला. मी तो पूर्ण वाचलाय आणि मला तो आवडतो कारण त्यात कॉमापेक्षा शब्दांकडे जास्त लक्ष दिलंय.

ड्रायव्हरांचा सगळ्यात चांगला मुद्दा कॉमाचा नव्हताच. तो होता "इंग"चा. परत ती यादी ऐका, कॅनिंग, प्रोसेसिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, स्टोअरिंग, पॅकिंग. सगळ्या कामांच्या शेवटी "इंग". आणि "शिपमेंट" आणि "डिस्ट्रिब्यूशन", या दोघांना नाही. मग डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम म्हणून यादीत घालायचं असतं तर बाकीच्यांसारखं "डिस्ट्रिब्यूटिंग" लिहिलं असतं ना? शिपमेंट आणि डिस्ट्रिब्यूशन एका घडणीचे शब्द आहेत म्हणजे ते जोडीने "फॉर"च्या मागे उभे आहेत. एकदा हे दिसलं की मग दिसतच राहतं.

पण कंपनीकडेही वजनदार मुद्दा होता. ड्रायव्हर म्हणतात तसं वाचलं तर यादीतलं शेवटचं काम "पॅकिंग" होतं, आणि मग त्याच्या आधी "अँड" किंवा "ऑर" कुठे आहे? "स्टोअरिंग, पॅकिंग", मध्ये नुसता कॉमा. इंग्रजीत यादी अशी कुणी संपवत नाही, शेवटच्या वस्तूच्या आधी जोडणारा शब्द लागतोच, आणि या कलमात तो एकच आहे, डिस्ट्रिब्यूशनच्या आधी. शिवाय शिपमेंट आणि डिस्ट्रिब्यूशन यांचा अर्थ एकच असेल तर दोनदा का लिहिलं? यावर ड्रायव्हरांचं उत्तर होतं की शिपमेंट म्हणजे बाहेरच्या वाहतूकदाराकडून पाठवणं आणि डिस्ट्रिब्यूशन म्हणजे विकणाऱ्याने स्वतः पोचवणं, फरक आहे.

इथे एक करून बघा. हे कलम मराठीत लिहायला घ्या. एक तर तुम्ही लिहाल "पाठवण्यासाठी किंवा वाटण्यासाठी पॅक करणं". नाहीतर लिहाल "पाठवण्यासाठी पॅक करणं किंवा वाटणं". मधलं काही लिहिताच येत नाही! आपलं क्रियापद शेवटी येतं आणि "साठी" त्या त्या शब्दाला चिकटतो, म्हणून भाषाच तुम्हाला अर्थ निवडायला लावते, कॉमाची वेळच येत नाही. इंग्रजीत "पॅकिंग" पुढे आणि "फॉर" मागोमाग, मग त्या "फॉर"ची पोच कुठपर्यंत हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

पण म्हणून मराठीत असं होतच नाही असं नाही. "समारंभाला माझे काका, सरपंच आणि मुख्याध्यापक आले." किती जण आले? बहुतेक जण म्हणतील तीन. पण "काका"चं अनेकवचनही काकाच, त्यामुळे दोनच जण, दोघंही काका, त्यातले एक सरपंच आणि दुसरे मुख्याध्यापक, असंही वाचता येतं. बरं, मग "आणि"च्या आधी कॉमा टाकून बघू, आपल्याकडे सहसा देत नाहीत पण टाकू. "माझे काका, सरपंच, आणि मुख्याध्यापक आले." दोन काकांचा अर्थ गेला, पण आता नवीनच निघाला, माझे काका जे सरपंच आहेत ते, आणि शिवाय मुख्याध्यापक. "आले" आदरार्थी असल्यामुळे क्रियापदही मदतीला येत नाही. इंग्रजीत अगदी हेच होतं, "माय अंकल, अ डॉक्टर, अँड अ टीचर" यात तो कॉमा असूनच घोटाळा होतो. म्हणून कॉमा नेहमी द्या किंवा कधीच देऊ नका असा कुठलाही एक नियम घेतला तरी वाक्य वाचेलच याची खात्री नाही. "सरपंच असलेले माझे काका आणि मुख्याध्यापक" असं लिहिलं की प्रश्न मिटतो, आणि तिथे कॉमा लागतच नाही.

तर कोर्टाने काय केलं? कोर्टाने असं कुठेही म्हटलं नाही की कॉमा हवाच होता किंवा वाक्य अशुद्ध आहे. त्यांनी दोन्ही बाजू तोलल्या आणि सांगितलं की मजकुरावरून उत्तर निघत नाही, दोन्ही अर्थ पटण्यासारखे आहेत. मग मेनचंच एक तत्त्व कामाला आलं, की पगाराचे कायदे ज्यासाठी केलेत तो हेतू पुढे जाईल असे सढळपणे वाचायचे, आणि ओव्हरटाइमच्या कायद्याचा हेतू कामगाराला संरक्षण देणं हा आहे. संदिग्धता आहे म्हणून फायदा ड्रायव्हरांना. म्हणजे असंच संदिग्ध वाक्य वेगळा हेतू असलेल्या एखाद्या कायद्यात असतं तर निकाल उलटाही लागू शकला असता, कॉमा तितकाच गायब असताना.

केस परत खालच्या कोर्टात गेली आणि 2018 च्या सुरुवातीला 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

आणि कलम दुरुस्त केलं ते कसं, हे आता शेवटी स्क्रीनवर बघा, कारण निकालाची बातमी देणाऱ्या बहुतेकांनी हे दाखवलंच नाही. मेनच्या विधिमंडळाने तिथे कॉमा टाकला नाही. यादीतल्या प्रत्येक कामानंतर अर्धविराम टाकला, अगदी शेवटच्या "ऑर"च्या आधीसुद्धा, आणि ज्या शब्दावर सगळी केस फिरली होती तोच बदलला. आता तिथे असं आहे: "पॅकिंग फॉर शिपमेंट; ऑर डिस्ट्रिब्यूटिंग".