शाळेच्या पोषण आहाराबद्दल मुख्याध्यापकांना पत्र लिहिताना

(पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

"शाळेत निकृष्ट व अस्वच्छ आहार दिला जात आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी." पालकांची बरीच पत्रं एवढ्या एका वाक्यात संपतात. मुख्याध्यापक ते वाचतात, स्वयंपाकीण ताईंना चार शब्द सुनावतात आणि पत्र फाइलला लागतं. यात त्यांचा दोष निम्माच. काय दिसलं, कुठे दिसलं, कधी दिसलं हे पत्रात नसेल तर ते दुरुस्त तरी काय करणार? म्हणून आज मी पत्राच्या भाषेपेक्षा लिहिण्याआधी काय बघायचं, यावरच जास्त बोलणार आहे.

सुरुवात धान्याच्या खोलीपासून करू. समजा, पहिली ते पाचवीची शाळा आहे आणि रोज 110 मुलं जेवतात. या वर्गांसाठी दर मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ धरतात, म्हणजे दिवसाला 11 किलो. पन्नास किलोचं एक पोतं साडेचार दिवस पुरतं. महिन्याचे शाळेचे दिवस 24 धरले तरी 264 किलो लागतात, म्हणजे सव्वापाच पोती. आता खोलीत बारा पोती दिसली, तर शेवटच्या पोत्याला हात लागायला शाळेचे पन्नास दिवस जाणार. सुट्ट्या धरल्या की दोन महिने झालेच. त्यातच नवीन पोती पुढे आणि जुनी मागे भिंतीला, अशी थप्पी असेल तर मागचं पोतं तिथेच राहतं. पत्रात हा हिशेब मांडा. "जुना तांदूळ वापरतात" हा आरोप झाला. "रोजच्या 11 किलोंच्या हिशेबाने हा साठा दोन महिने पुरेल, पोत्यांवर आल्याची तारीख नाही आणि जुनी पोती मागे आहेत" हे मात्र नोंदवहीशी ताडून बघता येतं.

पावसाळ्यात पोती फरशीवर असतील तर तळ दमट होतो. खालच्या पोत्याच्या तळाशी हात लावा. तांदळाचे गोळे झालेत का, कुबट वास येतो का, काळे-हिरवे ठिपके आहेत का, ते पाहा. इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. सोंडे पडलेला तांदूळ बघायला किळसवाणा असतो, पण बुरशी नसेल तर चाळून, पाखडून, धुऊन तो सुधारता येतो. बुरशीचं तसं नाही. काही बुरशींचं विष धुतल्याने जात नाही आणि शिजवल्यानेही पुरतं जात नाही, म्हणून ते पोतं बाजूलाच काढावं लागतं. पत्रात दोन्ही एकाच वाक्यात कोंबलं, की "चाळून घेतो" एवढं उत्तर देऊन दोन्ही मिटवलं जातं.

उंदरांच्या लेंड्यांचंही तसंच. काळ्या, चकचकीत, मऊ लेंड्या ताज्या असतात, तर करड्या आणि बोटाने चुरा होणाऱ्या जुन्या. (काडीने दाबून बघा, हाताने नको.) ताज्या असतील तर उंदीर अजून येतोय, म्हणून दाराखालची फट, खिडकीची जाळी आणि सांडपाण्याच्या पाइपचं भोक शोधावं लागेल. नुसतं झाडून भागणार नाही. पोती लाकडी फळ्यांवर असावीत आणि भिंतीपासून इतकी दूर, की झाडू घेऊन माणूस मागे जाऊ शकेल. मागे जाताच येत नसेल, तर तिथे महिनोन् महिने कोणी झाडलेलं नाही असं धरून चाला.

आणखी एक, कारण यावरून पत्राचं वजन जातं. शिजवायच्या तांदळात थोडे वेगळे, कधी पाण्यावर तरंगणारे दाणे दिसतात आणि लगेच "प्लास्टिकचा तांदूळ" अशी ओरड होते. ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घातलेले पोषणयुक्त दाणे असतात. साधारण शंभर दाण्यांत एक, असे ते मिसळलेले असतात. ही तक्रार पत्रात घातली की खरी तक्रारही तिच्याबरोबर बाद होते.

तेलाबाबत मात्र जराही सवलत नको. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत जेवणातून विषबाधा होऊन 23 मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळलं. आपल्याकडे हे कपाशीच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं औषध आहे. म्हणून तेल कोणत्या भांड्यात आहे ते बघा. मूळ सीलबंद पिशवी किंवा डबा असेल तर ठीक. लेबल फाडलेला कॅन, फिनाइलची जुनी बाटली, किंवा धान्याच्याच खोलीत फवारणीचं औषध अथवा धान्यात टाकायच्या गोळ्या दिसल्या, तर पत्र लिहीत बसू नका. तिथल्या तिथे मुख्याध्यापकांना सांगा, त्या दिवसाचं जेवण थांबवा आणि पत्र नंतर लिहा.

स्वयंपाकात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वेळ. खिचडी दहाला उतरली आणि वाढली एकला, तर मधले तीन तास ती कोमट राहते. तांदळात एका जातीच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळीतही तगतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. नंतर भात पुन्हा गरम केला तरी ते विष जात नाही. त्यामुळे "गरम करून वाढलं होतं" हे उत्तर पुरेसं नाही. पत्रात दोन वेळा लिहा, भांडं चुलीवरून उतरल्याची आणि पहिलं ताट वाढल्याची. भांड्यावर झाकण होतं का, तेही लिहा.

आता प्रत्यक्ष पत्र. "मा. मुख्याध्यापक" म्हणून सुरू करा, विषयात "धान्यसाठा व स्वयंपाकगृहाची स्वच्छता" एवढंच लिहा. मजकूर असा असू शकतो: "दि. 12 जुलै रोजी सकाळी 10.40 वाजता आपल्या परवानगीने धान्याची खोली पाहिली. उजव्या भिंतीला टेकून फरशीवर सात पोती होती. खालच्या दोन पोत्यांत तांदळाचे गोळे व काळे ठिपके होते. खिडकीची जाळी एका कोपऱ्यात फाटली असून तिच्याखाली ताज्या लेंड्या होत्या. ही दोन पोती वापरातून काढून तशी नोंद करावी, जाळी या आठवड्यात बसवावी आणि उरलेली पोती फळ्यांवर ठेवावीत, ही विनंती."

यात स्वयंपाकीण ताईंचं नाव नाही, ते मुद्दाम. फळ्या आणि जाळी आणणं त्यांच्या हातात नसतं. हात धुवायला साबण नसेल तर "ताई अस्वच्छ आहेत" असं न लिहिता "चुलीजवळ साबण व पाणी नाही" असं लिहा. फोटो जोडा, पण त्यात मुलांचे चेहरे नकोत.

पत्र दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. तिसरी प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना द्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे पुढच्या बैठकीत विषय घ्यायला लावणं आपल्याच हातात आहे. चव नोंदवही बघायला मागा. वाढण्याआधी शिक्षकाने चव घेतल्याची नोंद रोजच्या रोज व्हायला हवी. महिन्याच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या दिसल्या, तर तेही पत्रात येऊ द्या. आठ दिवसांनी पुन्हा जाऊन तीच सात पोती आणि तीच जाळी बघा. काहीच हललं नसेल, तर पहिल्या पत्राची शिक्क्याची प्रत जोडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

आणि मुलांना उलट्या सुरू झाल्याच, तर आधी दवाखाना. त्याच वेळी एका माणसाला स्वयंपाकघरात उभं करा. घाबरून सगळ्यात आधी भांडी घासली जातात. उरलेलं अन्न, तेलाचा डबा आणि राखून ठेवलेला त्या दिवसाचा नमुना तपासणी अधिकारी येईपर्यंत जिथल्या तिथे राहिला पाहिजे.